कुस्ती मैदानाचं पोस्टर: सगळे इफेक्ट घातले, तरी उठाव का येत नाही?

मेघा_करवीर (धागाकर्ती)

मंडळी, जरा मदत करा. आमच्या गावच्या यात्रेतल्या कुस्ती मैदानाचं पोस्टर यंदा माझ्याकडं आलंय. कागदी पोस्टर १८×२३ इंच, आर्ट पेपरवर ऑफसेटला जाणार. तेच वेशीवर ८×१० फुटी उभा फ्लेक्स म्हणून लागणार.

मधोमध पहिल्या क्रमांकाचे दोन पैलवान, समोरासमोर, पूर्ण उभे, लंगोटावर. त्यांच्या वर "भव्य कुस्ती मैदान". सगळ्यात वर आठ मान्यवरांचे फोटो, तळाला कुस्त्यांची यादी. यातलं काहीही काढता येत नाही, ते आधीच विचारून झालंय.

आता मी काय केलंय ते सांगते, हसू नका. पार्श्वभूमी वरून भगवी आणि खाली निळी होत जाते. मथळ्याची अक्षरं पिवळ्यातून लाल, त्यांना पांढरा स्ट्रोक, त्याला काळा स्ट्रोक, त्याखाली ड्रॉप शॅडो. पैलवानांमागं पांढरा ग्लो. मान्यवरांच्या प्रत्येक फोटोला ग्लो आणि शॅडो. या सगळ्यावर तांबड्या मातीचं टेक्श्चर, ओव्हरले ४० टक्के.

कमिटीत दाखवलं. अर्धे म्हणाले "गर्दी झाली", उरलेले म्हणाले "उठाव नाही, अजून ग्लो टाक". दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल? आणि मला स्वतःलाही ते स्वस्त दिसतंय, पण नेमकं कशामुळं ते कळत नाही.

राजू_कोरलवाला

भावा, सोपं आहे. शॅडो वाढव. स्क्रीनवर दिसतं त्यापेक्षा छापून फिकंच येतं. मी पंधरा वर्षं फ्लेक्स करायलोय, स्क्रीनवर जरा जास्तच काळं वाटलं पाहिजे, तेव्हा चौकात बरोबर दिसतं. ७५ टक्के असेल तर ९० कर. आणि मथळ्याला अजून एक स्ट्रोक.

मेघा_करवीर

भावा नाही हो, ताई. तिसरा स्ट्रोक घातला तर अक्षर कुठलं आणि स्ट्रोक कुठला हे मलाच कळणार नाही.

जुना_ब्रश

ताई, आधी एक काम करा. पोस्टरवर एकूण किती इफेक्ट आहेत ते मोजा. लेयर पॅनेल उघडा आणि एकेक मोजत जा. आकडा इथं लिहा, मग बोलू.

मेघा_करवीर

मोजले. ३७.

जुना_ब्रश

मग त्या कमिटीतले दोन्ही गट खरं बोलतायत. उठाव हा शेजारच्यापेक्षा वेगळं असण्यातून येतो. मथळ्याला स्ट्रोक आणि शॅडो, पैलवानांना ग्लो, आठही मान्यवरांना ग्लो आणि शॅडो, म्हणजे इफेक्ट नसलेलं काहीच उरलं नाही. सगळ्यांनीच फेटे बांधले तर नवरदेव कोण?

मी आधी ब्रशनं बोर्ड रंगवायचो, कॉम्प्युटर नंतर शिकलो. कोल्हापुरात नाटकाचे पडदे रंगवायची जुनी परंपरा, बाबूराव पेंटरही तेच करत. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते कोऱ्या पडद्यावर पहिली खूण खडूनं करायचे, ती म्हणजे सूर्य. कोपऱ्यात एक गोल. उजेड कुठून येतो ते ठरल्याशिवाय रंगाचा डबा उघडायचा नाही. तुमच्या पोस्टरवर तो गोल कुठं आहे, सांगता येईल का?

फोटो नीट बघा. दोन्ही पैलवानांच्या अंगावर उजेड कुठल्या बाजूनं पडलाय?

मेघा_करवीर

अरे देवा. डावीकडं उभा केलेला पैलवान तालमीत खिडकीपाशी काढलाय, त्याच्या डाव्या अंगावर, म्हणजे बघणाऱ्याच्या उजवीकडून उजेड आहे. उजवीकडच्याचा फोटो त्याच्या घरून आला, तो अंगणात काढलाय, त्यावर पण बघणाऱ्याच्या उजवीकडूनच ऊन आहे. आणि माझ्या ड्रॉप शॅडो सगळ्या उजवीकडं खाली पडतायत. म्हणजे ऊन उजवीकडून आणि सावलीही उजवीकडंच!

तांबडा_पांढरा

विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या मिसळीच्या दुकानाचा बोर्ड आहे, अक्षरांमागं एलईडी आहे, रात्री भिंतीवर सावली दोन-दोन दिसते. ही शॅडो कमी कशी करायची? अक्षरं भिंतीपासून लांब घेऊ का जवळ?

जुना_ब्रश

मालक, तुमची सावली खरी आहे, आमची खोटी. दोन दिसतायत म्हणजे रस्त्याचा दिवा आणि तुमचा एलईडी अशा दोन्हींची पडत असणार. एलईडी बंद करून बघा, एक राहिली तर ती रस्त्याची. बाकीचं बोर्डवाल्याला विचारा. पण तुमचं उदाहरण उपयोगी आहे. एका वस्तूला दोन सावल्या दिसल्या की डोळा बावचळतो. मेघाताईंच्या पोस्टरवर तर दहा दिशांचे दिवे लागलेत.

आता पैलवानांचं. ताई, उजवीकडच्याला आडवा उलटवा, म्हणजे दोघांवरचा उजेड मधून येईल.

मेघा_करवीर

तो प्रयोग मागच्या वर्षी एकानं केला होता. त्या पैलवानाचा डावा कान मोडलेला, पोस्टरवर उजवा मोडलेला दिसला. यात्राभर चेष्टा झाली. इथं पैलवानाला कानावरून ओळखतात.

जुना_ब्रश

हे मान्य, माझं चुकलं. चेहरा उलटवायचा नसतो, तो ज्याचा त्याला सोडून सगळ्यांना परका वाटतो, आणि पैलवानाचा तर नाहीच.

मग असं करा. डावीकडच्याच्या अंगावर बघणाऱ्याच्या उजवीकडून उजेड आहे, म्हणजे पोस्टरच्या मध्यातून. तो बरोबरच उभा आहे. दुसऱ्याचा वेगळा फोटो मिळवा ज्यात ऊन बघणाऱ्याच्या डावीकडून आहे. मिळाला तर दोघांवरही मधूनच उजेड पडेल, जणू दोघांच्या मध्ये, थोडं वर, एकच दिवा आहे. मग पार्श्वभूमीतला गोल ग्रेडियंटही तिथूनच उजळू द्या. आज तुमचा ग्लो दोघांच्या पाठीमागून येतोय आणि अंगावरचा उजेड त्याला साक्ष देत नाही. म्हणून ते कापून चिकटवल्यासारखे दिसतात.

मेघा_करवीर

त्याच्या वस्तादांना फोन केला. संध्याकाळी तालमीबाहेर उभा करून काढून पाठवतो म्हणालेत. ऊन कुठल्या बाजूला पाहिजे ते तीनदा समजावलं. वस्ताद शेवटी म्हणाले, "पोरी, कुस्ती लावायलीस का लग्न?"

प्लेटखोली

मी प्रेसमध्ये प्लेटच्या आधीच्या कामाला आहे, रोज अशा फायली बघतो. राजूभाऊंचं अर्धं बरोबर आहे, पण उरलेलं अर्धं महागात पडेल.

फ्लेक्स उन्हात लटकतो, लांबून बघतात, तिथं बारीक फिकी सावली खरंच हरवते. पण ऑफसेटला उलटं होतं. कागदावर शाईचा ठिपका पसरतो. फाइलमधला ५० टक्क्यांचा ठिपका छापून ५० राहत नाही, चांगला ठळक होतो. मधल्या छटा सगळ्या गडद होतात, आणि सावली म्हणजे सगळी मधलीच छटा. स्क्रीनवर ९० टक्क्यांची केली तर कागदावर डांबर होईल.

दुसरं म्हणजे शाईची बेरीज. आर्ट पेपरवर चार रंगांची मिळून आम्ही ३०० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतो. गडद तपकिरीवर काळी सावली मल्टिप्लाय केली की बेरीज सहज त्याच्या वर जाते. शाई वाळत नाही आणि थप्पीतल्या वरच्या कागदाच्या पाठीला लागते. मग गिऱ्हाईक म्हणतं, प्रेसनं घाण केली.

राजू_कोरलवाला

ऑफसेटचं मला माहीत नव्हतं, मी फ्लेक्सवालाच. पण मग एकाच फाइलवरून दोन्ही कसं करायचं?

प्लेटखोली

एका फाइलवरून करायचंच नाही. कागदाची पक्की झाली की तिची कॉपी काढून फ्लेक्सची करायची, आणि तिथं सावली तेवढी तुमच्या अंदाजानं वाढवायची. त्यात तुमचा हात माझ्यापेक्षा चांगला असणार.

मेघा_करवीर

प्लेटखोली, माझी अजून एक अडचण. मान्यवरांच्या फोटोंमागं फिक्या मलई रंगाची पट्टी आहे, डावीकडून उजवीकडं हळूच गडद होणारी. व्हॉट्सअॅपवर बघितलं तर तिच्यात उभ्या पायऱ्या दिसतात. मोबाइलचा दोष का माझा?

प्लेटखोली

पट्टी किती टक्क्यांपासून किती टक्क्यांपर्यंत जाते?

मेघा_करवीर

साधारण १० ते १८.

प्लेटखोली

मग हिशेब करा. आठ बिटच्या फाइलमध्ये शून्य ते शंभर टक्क्यांमध्ये एकूण २५६ पायऱ्या. तुमच्या आठ टक्क्यांच्या वाट्याला त्यातल्या वीसेक आल्या. त्या वीस पायऱ्या तुम्ही १८ इंचांवर, म्हणजे ४५७ मिलिमीटरवर ताणल्या. एकेक पायरी जवळजवळ सव्वादोन सेंटिमीटर रुंद झाली. दोन पायऱ्यांतला फरक अगदी फिका असतो, पण एवढ्या रुंद पट्ट्या शेजारी आल्या की डोळा कड बरोबर पकडतो. व्हॉट्सअॅपनं फाइल दाबली की ते जास्तच उघडं पडतं.

उपाय दोन. एक म्हणजे तिथं ग्रेडियंटच ठेवू नका. आठ टक्क्यांचा फरक कुणालाही जाणवणार नव्हता, जाणवल्या त्या फक्त पायऱ्या. सपाट रंग द्या. दुसरा उपाय, मोठ्या पार्श्वभूमीसाठी. ग्रेडियंटच्या लेयरवर `Filter > Noise > Add Noise`, प्रमाण एक ते दीड टक्का, आणि `Monochromatic` वर खूण. रवाळपणा दिसत नाही, पण पायरीची सरळ कड मोडते. दीडच्या वर गेलात तर मात्र पोस्टर जुन्या टीव्हीसारखं दिसेल.

आणि तो भगवा-निळा काढा. भगवा म्हणजे एम ६०, वाय १००. तुमचा निळा समजा सी १००, एम ७०. दोघांच्या मध्यावर काय येतं? सी ५०, एम ६५, वाय ५०. तो रंग कोणता माहीत आहे? धुतलेल्या पोतेऱ्याचा. आणि तुमच्या पोस्टरच्या बरोबर मध्यावर, पैलवानांच्या छातीमागं तोच बसलाय.

मेघा_करवीर

पोतेरं! मला वाटायचं ते फोटोंमुळं मळकं दिसतंय. मी फोटो उजळ करत बसले दोन दिवस.

जुना_ब्रश

रंग जवळचे घ्या. कुस्तीचं पोस्टर आहे, मातीचाच रंग घ्या. मध्ये उन्हातली माती, कडेला ओली माती. एकच घराणं असलं की मधला रंग बिघडत नाही.

प्लेटखोली

आकडेच देतो. मध्य सी १०, एम ५५, वाय ७५, के ५. कडा सी ३०, एम ८५, वाय ९०, के ४५. कडेची बेरीज २५० होते, सावलीला थोडी जागा उरते. चारही शाया मध्यापासून कडेपर्यंत चढतच जातात, कुठली मध्येच गायब होत नाही, म्हणून मळत नाही. आणि कडा कधीही नुसत्या के १०० वर नेऊ नका. लाल-पिवळी शाई उतरत जाते आणि काळी चढत जाते, मधला भाग राखेसारखा दिसतो.

मेघा_करवीर

केलं. नुसत्या पार्श्वभूमीनंच अर्धं पोस्टर शांत झालं. आता सावलीचं सांगा. ती अजिबातच काढू का?

राजू_कोरलवाला

काढू नका ओ ताई, पैलवान हवेत तरंगतील.

जुना_ब्रश

राजू बरोबर बोलला. तुमच्या ३७ इफेक्टांत खऱ्या कामाच्या सावल्या दोनच असतील, दोघांच्या पायांखालच्या. बाकी ज्या मान्यवरांच्या फोटोंना आहेत त्यांचं काम काय? ते काही कागदावरून उठून चालणार नाहीत.

पायाखालची सावली ड्रॉप शॅडोनं करायची नाही. ड्रॉप शॅडो म्हणजे पैलवानाचीच काळी नक्कल थोडी सरकवलेली, जणू तो भिंतीला चिकटलाय. त्याची सावली जमिनीवर पडली पाहिजे. वेगळ्या लेयरवर हातानं करा, दोन तुकड्यांत. पहिला, टाच आणि चवडा जिथं मातीला टेकतात तिथं अगदी अरुंद, गडद. दुसरा, तिथून बाहेरच्या बाजूला पसरत जाणारा, रुंद, फिका. उजेड मध्यातून आहे, म्हणजे डाव्या पैलवानाची सावली डावीकडं, उजव्याची उजवीकडं. पायाजवळ कड ठळक, लांब जाईल तशी विरत गेलेली. उन्हात स्वतःच्या सावलीकडं बघा, पावलापाशी कापल्यासारखी असते आणि डोक्यापाशी धूसर.

रंग काळा घेऊ नका. तिथल्याच मातीचा रंग उचला आणि तो गडद करा.

प्लेटखोली

आणि मापं पिक्सेलमध्ये ठरवू नका, मिलिमीटरमध्ये ठरवा. जुन्या फोटोशॉपमध्ये आयता शॅडो साइज ५, डिस्टन्स ५ असायचा. ३०० डीपीआयला ५ पिक्सेल म्हणजे अर्धा मिलिमीटरही नाही. छापल्यावर ती सावली वाटतच नाही, वाटतं की प्लेट हललीय. गिऱ्हाईक भांडायला येतं, "रजिस्टर गेलंय तुमचं". मी भिंग लावून दाखवतो की साहेब, ही तुमची शॅडो आहे.

पायाजवळच्या गडद तुकड्याला ब्लर एक मिलिमीटर, म्हणजे १२ पिक्सेल, ओपॅसिटी ६० च्या आसपास. रुंद तुकड्याला आठ ते दहा मिलिमीटर, म्हणजे शंभरेक पिक्सेल, आणि ओपॅसिटी २० ते २५. दोन्ही मल्टिप्लाय. सुरुवात इथून करा, पुढं डोळ्यानं.

सांगलीची_सून

मी लग्नपत्रिका करते, मला हे मथळ्याबद्दल विचारायचंय. अक्षरांना शॅडो दिली नाही तर ती पार्श्वभूमीत बुडतात. मग द्यायची का नाही?

जुना_ब्रश

अक्षर बुडतंय म्हणजे अक्षर आणि मागचा रंग उजेडात सारखेच आहेत. शॅडो ही त्यावरची मलमपट्टी. आधी पोस्टर पूर्ण करड्या छटेत बघा. तिथं अक्षर वाचता येत नसेल तर रंग बदला. मेघाताईंच्या कडा आता ओल्या मातीसारख्या गडद आहेत, मथळा तिथं वर आहे, त्याला सपाट मलई रंग दिला तर ना स्ट्रोक लागेल ना सावली.

अक्षरावर सावली हवीच असेल तर आम्ही बोर्डावर काय करायचो ते सांगतो. सावली अक्षराला चिकटवायची नाही. अक्षर आणि सावली यांच्यात मागच्या रंगाची बारीक रेघ सुटी ठेवायची, आणि सावली सपाट, ब्लर नाही. अक्षराची कड तशीच तीक्ष्ण राहते.

प्लेटखोली

यात देवनागरीची एक मेख आहे, ती रोज बघतो. आपलं भ आणि म, ध आणि घ यांच्यातला मोठा फरक म्हणजे शिरोरेषेतली फट. जाड स्ट्रोक घातला की ती फट बुजते. मेघाताई, तुमचा मथळा दहा फूट लांबून वाचून बघा.

मेघा_करवीर

थांबा, प्रिंट काढून भिंतीला लावते.

…

"मव्य कुस्ती मैदान". खरंच मव्य दिसतंय! भ ची फट पांढऱ्या स्ट्रोकनं भरलीय. आणि "मैदान"ची मात्रा शिरोरेषेत गुरफटलीय, तिची सावली बरोबर म वर पडलीय. कमिटीतल्या एकालाही दिसलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं काय लिहिलंय ते.

सांगलीची_सून

बाप रे. माझ्या पत्रिकेत "धनश्री" आहे. बघायला हवं.

राजू_कोरलवाला

हे मी मान्य करतो. एकदा वाढदिवसाच्या फ्लेक्सवर अनुस्वार असाच गेला होता. स्ट्रोकमध्ये गिळला गेला, आणि भाऊंचं नाव भलतंच वाचलं जायला लागलं. रातोरात उतरवला. पण ताई, एक सांगतो. फ्लेक्सवर लोकांना सोनेरी अक्षर लागतं. सपाट मलई बघून म्हणतील, "पैसे वाचवले का?" सोनेरीचं काय करणार?

जुना_ब्रश

सोनेरी करायचंच तर पिवळ्यातून लाल नको. सोनं म्हणजे एका रंगाच्या दोन छटा, वर उजळ आणि खाली किंचित गडद, फरक थोडा. आणि ग्रेडियंट पूर्ण ओळीला एकच, प्रत्येक अक्षराला वेगळा नाही. उजेड वरूनच येतोय, त्याच्याशी जुळतं. तरी माझं मत विचाराल तर कागदावर सपाटच ठेवा. फ्लेक्सवर राजूचं ऐका, त्याला चौक माहीत आहे.

मेघा_करवीर

आता टेक्श्चर. पार्श्वभूमी मातीच्या रंगाची झालीच आहे, तर मातीचं टेक्श्चर ठेवू ना? तेवढं एक मला मनापासून आवडतं.

जुना_ब्रश

ठेवा, पण आज ते कुठं कुठं आहे बघा. मान्यवरांच्या गालांवर माती, यादीच्या अक्षरांत माती. सगळ्यात वरच्या लेयरवर ओव्हरले टाकलं की असंच होतं. माती पायाखाली असते. खालच्या तृतीयांशात ठेवा, वर जाईल तशी मास्कनं विरू द्या, आणि पैलवानांच्या लेयरच्या खाली घ्या. फार तर पोटऱ्यांवर थोडी लागलेली चालेल, ती खरीच लागते.

आणि ते टेक्श्चर कुठून आणलंत?

मेघा_करवीर

नेटवरून. भेगा पडलेली लाल माती.

जुना_ब्रश

भेगा पडलेली माती म्हणजे दुष्काळ! आखाड्याची माती कधी भेगाळते का? ती रोज खणतात, तेल-ताक-हळद घालून मऊ ठेवतात. गावातला कुठलाही म्हातारा ते बघून म्हणेल, ही तालीम बंद पडलीय वाटतं. तालमीत जा आणि आखाड्याचाच फोटो काढा. सकाळी किंवा संध्याकाळी, उजेड तिरका असताना, म्हणजे रवा उठून दिसतो. डोक्यावरच्या उजेडात माती सपाट दिसते.

मग मापाचं बघा. पैलवान पोस्टरवर किती उंच आहे?

मेघा_करवीर

बारा इंच.

जुना_ब्रश

माणूस साधारण ६८ इंचांचा धरला तर तो सहाव्या हिश्शाला आला. म्हणजे मातीही सहाव्या हिश्शाला यायला हवी. खरं सहा मिलिमीटरचं ढेकूळ पोस्टरवर एक मिलिमीटरचं. आत्ता तुमच्या टेक्श्चरमधली खपली केवढी दिसते?

मेघा_करवीर

पैलवानाच्या मुठीएवढी. 😄 म्हणजे खरी कलिंगडाएवढी झाली की काय?

जुना_ब्रश

कलिंगड नाही, खऱ्या मुठीएवढीच, अर्धी वीट म्हणा. त्यामुळं पैलवान खेळण्यातले वाटतात. हे कुणाला सांगता येत नाही, पण जाणवतं सगळ्यांना. फोटो लहान करून बसवा, रंग काढून टाका म्हणजे फक्त उजेड-सावली उरेल, सॉफ्ट लाइटवर १५ ते २० टक्के. आणि यादीच्या मागं अजिबात नको, तिथं बारीक अक्षर आहे.

प्लेटखोली

फ्लेक्सच्या फाइलमध्ये हे टेक्श्चर काढलं तरी चालेल. फ्लेक्सच्या कापडालाच विणीची खरखर असते, आणि वीस फुटांवरून मिलिमीटरचा रवा कुणाला दिसतोय. फाइल तेवढी हलकी होईल.

राजू_कोरलवाला

इथं मी वेगळं म्हणतो. बारीक माती काढा, पण खालून धुरळा उडालेला मोठा ढग ठेवा. फ्लेक्सवर तेवढं पाहिजेच. नाहीतर कुस्ती वाटत नाही, योगासनं वाटतात.

मेघा_करवीर

दोन दिवसांनी आले. वस्तादांनी फोटो पाठवला, ऊन बरोबर डावीकडून. आखाड्याचा फोटो मी स्वतः संध्याकाळी काढून आणला.

आता असं आहे. पार्श्वभूमी मातीची, मध्ये उजळ, वर दीड टक्का नॉइज. पायांखाली दोन सावल्या, रुंद तुकडा शेवटी २० वर आणला, २५ ला पाय खड्ड्यात गेल्यासारखे वाटत होते. माती खालच्या भागात, १८ टक्के. मथळा सपाट मलई, भ ची फट दिसते. मान्यवरांचे आठही फोटो एकाच मापाचे, सगळ्यांमागं एकच सपाट रंग, बारीक रेघेची चौकट, इफेक्ट शून्य. इथं एक घोळ झाला. एकाचा फोटो पासपोर्टचा, निळ्या पडद्यापुढचा, केसांच्या कडेला निळी झाक राहिली. आधी ती ग्लोमध्ये झाकली जायची. आता ती कड हातानं साफ करावी लागली.

एकूण इफेक्ट मोजले. ५.

जुना_ब्रश

ग्लो बऱ्याच ठिकाणी त्यासाठीच असतो, खराब कटिंग झाकायला. आता एक शेवटचं बघा. पाचही एकेक करून बंद करा. जो बंद केल्यावर फरक कळत नाही, तो काढा.

मेघा_करवीर

सावल्या बंद केल्या की पैलवान तरंगतात. माती बंद केली की खालचा भाग प्लॅस्टिकसारखा दिसतो. ग्रेडियंट बंद केला की दोघांवरचा उजेड अनाथ होतो. पाचवा यादीच्या चौकटीमागचा फिका ग्रेडियंट, तो बंद केला तर मलाच आठवेना कुठला होता. काढला. चारच राहिले.

सांगलीची_सून

कमिटीचं काय म्हणणं पडलं मग?

मेघा_करवीर

अध्यक्ष म्हणाले, "आता पैलवान दिसतायत." खजिनदार म्हणाले, "बारका फोटो झाला माझा." तो पहिल्यापासून तेवढाच आहे, फक्त भोवतीचा ग्लो गेला. आणि दोघं-तिघं अडून बसलेत की वरून गुलालाचा फवारा पाहिजे म्हणजे पाहिजेच.

राजू_कोरलवाला

गुलाल पाहिजेच की! जिंकल्यावर उधळतात तो. नाद खुळा दिसेल.

जुना_ब्रश

जिंकल्यावर. कुस्ती अजून व्हायचीय.

राजू_कोरलवाला

ते लोकांना सांगा.

प्लेटखोली

घालायचाच झाला तर दोघांच्या मागं, मधल्या उजेडापाशी, आणि अक्षरांवर एक कणही नको. गुलालाच्या फिक्या कडा तीन टक्क्यांच्या खाली गेल्या तर प्लेटवर ठिपके टिकत नाहीत, ढग कात्रीनं कापल्यासारखा संपतो. मातीच्या रंगावर आहे म्हणून एवढं जाणवणार नाही, पण पांढऱ्यावर कधी करू नका. फाइल परवापर्यंत द्या, त्यानंतर यात्रेची सगळी गावं एकदम येतात.

मेघा_करवीर

उद्या रात्री परत बैठक आहे. दोन्ही प्रिंट काढून नेते, एक गुलालाची आणि एक बिनगुलालाची, भिंतीला लावून दहा फूट लांब उभं करते सगळ्यांना.

तांबडा_पांढरा

ताई, रस्त्याचाच दिवा निघाला. आता नगरसेवकाला सांगू का बोर्डवाल्याला?